क्यू शीट : गावच्या मंडपात कागदाचे काय काम?

मूळ पोस्ट (मंडपवाला): मंडईच्या जत्रेतील नाटकाला क्यू शीट, म्हणजे कोणत्या इशाऱ्यावर कोणी काय करायचे याचा कागद, मागणाऱ्या हौशी मंडळींना माझा नमस्कार. साऊंडवाला, लाईटवाला, पडदा ओढणारा, सगळे वर्षानुवर्षे हेच करतात आणि प्रॉम्प्टर असतोच. साडेनऊचा पडदा सत्कारांमुळे बाराला उघडतो, तेव्हा कागदावरच्या वेळा चाटायच्या का?

दिवेकरी, वडसा परिसर: भाऊ, घड्याळाची वेळ लिहिलेला कागद निरुपयोगी असतो, एवढे मान्य आहे, परंतु ती क्यू शीट नव्हे, ती कार्यक्रमपत्रिका झाली. मागच्या हंगामात मी दिव्यांवर होतो. अंक संपवायचा शब्द 'जा' असा लिहिला होता. बापाच्या भूमिकेतील नटाने तो शब्द त्याच प्रसंगात तीनदा उच्चारला आणि संगीतवाल्याने पहिल्याच 'जा' वर सूर सोडला. ऑर्गन वाजला म्हणून पडदेवाल्याने दोरी ओढली आणि मुलगी घर सोडून जाण्यापूर्वीच अंक संपला. चार माणसे अनुभवी होती, तरीही प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहून काम केले.

दुसऱ्या रात्री आम्ही तोच शेवट नव्याने लिहिला. मुलगी पिशवी उचलते, तेव्हा सर्वांनी सज्ज राहायचे. बाप दाराची कडी लावतो, तो खरा इशारा. त्याच क्षणी संगीत सुरू करायचे आणि पडदा ओढायचा. आमचा पडदा पूर्ण मिटायला नऊ सेकंद लागतात, हे दुपारीच मोजले होते; म्हणून उजेड दोन सेकंदांनंतर कमी करायला घेऊन नवव्या सेकंदाला संपवायचा. उजेड आधी गेला तर करुण प्रसंगावर अंधारात पडदा सरकत राहतो. उशिरा गेला तर फटीतून नट घाम पुसताना दिसतो. त्यात जुने हॅलोजन पार विझतानाही क्षणभर तांबूस राहतात, एलईडी मात्र जागीच विझतात, म्हणून दोन्ही एकत्र लावले असतील तर एलईडी हळू उतरवावे लागतात.

मंडपवाला: कडीचे पटले, पण आमचे कलाकार पदरचे बोलतात. कधी कधी कडी लावायचीच राहते.

प्रॉम्प्टर, पंचवीस हंगाम: म्हणूनच इशारा मी देतो. माझ्या संहितेच्या समासात लाल पेन्सिलीने सर्व खुणा असतात, वेगळ्या शीटचे थोतांड नको.

दिवेकरी: म्हणजे शीट आहेच, फक्त तुमच्या मांडीवर आहे आणि लाईटवाल्याला दिसत नाही. अभिनंदन.

गुरुजी (स्नेहसंमेलन): आमच्याकडे बावीस नृत्ये होती आणि पेनड्राईव्हमध्ये चार गाण्यांचे नाव 'न्यू' होते. शेतकरी नृत्यावर लावणी वाजली. आता आम्ही फाईलच्या नावाआधी 01, 02 असे आकडे घालतो. शीट म्हणजे हेच ना?

दिवेकरी: गुरुजी, तो अर्धा भाग झाला. कोणते गाणे ते समजले, पण ते मुले जागेवर उभी राहिल्यावर लावायचे की ती गाण्यावरच प्रवेश करतात, हे कुठे लिहिले आहे?

साऊंडवाला (रागावलेला): सर्व जण पडद्यावर बोलत आहेत, माईकचे कोणीच बोलत नाही. लोक म्हणतात की आठही माईक उघडे ठेवा, म्हणजे आवाज चुकणार नाही. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्यापूर्वी मिळणारा आवाज साधारण 3 डेसिबलने घटतो. एकाऐवजी आठ उघडे ठेवले की 9 गेले. मग मागच्या रांगेतून 'आवाज वाढवा' अशी ओरड होते आणि शिव्या मलाच बसतात. टांगलेले माईक प्रॉम्प्टरचेही उचलतात, हे प्रॉम्प्टर महाशयांनी ऐकून घ्यावे.

प्रॉम्प्टर: माझा आवाज आजवर कोणाला ऐकू गेला नाही.

साऊंडवाला: पहिल्या चार रांगांना संपूर्ण नाटक दोनदा ऐकू येते. असो. एकदा नायिकेचा कॉलर माईक पडद्यामागे उघडाच राहिला आणि तिने सेफ्टी पिन मागितल्याचे सगळ्या मंडपाने ऐकले. त्या वेळी माझ्या कागदावर 'नायिका बाहेर' अशी नोंद होती, तिचा माईक कितवा हे नव्हते. आता प्रत्येक प्रवेशासमोर फक्त क्रमांक असतात: कोणता उघडा, कोणता बंद. उघडण्याची नोंद प्रवेशाच्या एक वाक्य आधीची असते, कारण नट बोलू लागल्यावर उघडले की पहिला शब्द गिळला जातो.

मंडपवाला: ठीक आहे, माईकचा कागद ठेवा. पडद्याला मात्र माझा माणूस पुरे आहे. तो दोरीपाशी उभा असतो, त्याला वाचायला उजेडच नसतो.

दिवेकरी: त्याने वाचायचे नाही, त्याच्यापाशी लहान लाल बल्ब लावायचा. पेटला की सज्ज, विझला की ओढ. आवाज नाही, हातवारे नाहीत.

प्रॉम्प्टर: आणि कडी लावायची राहिली, तर तो बल्ब विझवायचे कोणी ठरवायचे? मीच ना?

साऊंडवाला: तुम्ही संहितेत मान घालून बसता, कडी तुम्हाला दिसते तरी का?