चर्चा: कर्जाचं व्याज खऱ्या दिवसांवर असावं की महिना ३० दिवसांचा धरून?

तारीखवार: घरकर्ज ३० लाख, दर ९ टक्के. बँकेच्या उताऱ्यात व्याज दर महिन्याला वरखाली होतं, फेब्रुवारीत कमी, मार्चमध्ये जास्त. मंजुरीच्या वेळी दिलेल्या हप्त्यांच्या तक्त्यात मात्र ते दर महिन्याला थोडंथोडं उतरत जातं. महिना सरळ ३० दिवसांचा का धरत नाहीत? आणि लीप वर्षात ग्राहकाकडून एक दिवसाचं व्याज जादा जातं का?

खतावणी: ३० दिवसांच्या महिन्याला माझं मत. हप्ता काढायचं सूत्रच वार्षिक दराचा बारावा भाग धरतं. ९ टक्क्यांना महिन्याचा पाऊण टक्का, म्हणजे ३० लाखांवर २२,५००, मग महिना कुठलाही असो. ग्राहक कागद-पेन्सिल घेऊन पडताळू शकतो. घरभाडं फेब्रुवारीत कुणी दोन दिवसांचं कापून देतं का? खऱ्या दिवसांनी मोजलं की तक्ता पहिल्याच महिन्यापासून उताऱ्याशी जुळत नाही, आणि शाखेतला माणूसही फरक समजावू शकत नाही.

दिनमान: भाडं महिन्याचं ठरलेलं असतं, व्याजाचा दर वर्षाचा. त्याच ३० लाखांवर ३६५ ने भागलं तर दिवसाला ७३९.७३ रुपये येतात. जानेवारीचे २२,९३१.५१, फेब्रुवारीच्या २८ दिवसांचे २०,७१२.३३. बाकी बदलली नाही तर वर्षाअखेर दोन्हीकडे २,७०,००० च होतात. खरा प्रश्न येतो तो मध्येच कर्ज घेणाऱ्याचा आणि मध्येच फेडणाऱ्याचा. १ फेब्रुवारीला कर्ज घेऊन १ मार्चला बंद केलं, तर तुमच्या पद्धतीत २८ दिवस पैसे वापरून ३० दिवसांचं व्याज भरायचं. हे कुठल्या न्यायाने?

खतावणी: आणि १ जुलै ते १ सप्टेंबर कर्ज वापरणाऱ्याला ६२ दिवसांसाठी ६० दिवसांचंच व्याज पडतं, त्याचं काय? ३१ तारखांचे महिने सात आहेत.

दिनमान: एकाचं नुकसान दुसऱ्याच्या फायद्यातून भरून निघत नाही, कारण ते दोन वेगळे ग्राहक आहेत.

सुनील_पतसंस्था: आमच्याकडे कायम ३६५ च धरतात. म्हणजे लीप वर्षात २९ फेब्रुवारी ग्राहकाला फुकट. त्यामुळे तक्रारीचा प्रश्नच नाही.

व्याजगणित: सुनीलराव, उलट आहे. ३६५ खाली आहे, भाजक म्हणून. वर दिवस ३६६ च मोजले जातात. ३० लाखांवर वर्षभरात २,७०,७३९.७३ होतात, म्हणजे एक दिवस जादा. खाली ३६६ घेतले तर दिवसाला ७३७.७० येतात आणि वर्षाचे बरोबर २,७०,००० होतात. दोन्ही पद्धती वापरात आहेत, करारात कुठली लिहिली आहे ते पाहायचं.

तारीखवार, तुमच्या बँकेचा भाजक उताऱ्यातून काढता येतो. बँकेतले जुने लोक ज्याला ‘प्रॉडक्ट’ म्हणतात तो काढा: बाकी गुणिले ती बाकी जितके दिवस राहिली ते दिवस. समजा फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीला बाकी ३०,००,००० आणि ५ तारखेला २६,९९२ चा हप्ता जमा. पहिले ४ दिवस ३०,००,०००, पुढचे २५ दिवस २९,७३,००८. प्रॉडक्टची बेरीज ८,६३,२५,२००. ९ टक्क्यांनी, ३६५ वर व्याज २१,२८५.६७ आणि ३६६ वर २१,२२७.५१ येतं. ३० दिवसांच्या पद्धतीत दुसरा टप्पा २६ दिवसांचा धरून आणि ३६० ने भागून २२,३२४.५५. उताऱ्यातला आकडा यांपैकी कुठल्याशी जुळतो ते बघा. सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी होते: हप्ता महिन्याच्या मध्ये जमा झाला हे विसरून पूर्ण महिना सुरुवातीच्या बाकीवर मोजतात आणि बँकेला खोटं ठरवतात.

एक्सेलमध्ये भाजक उलटा काढायचा असेल तर A2 मध्ये प्रॉडक्टची बेरीज, B2 मध्ये दर (9) आणि C2 मध्ये बँकेने लावलेलं व्याज:

```
=A2*B2/100/C2
```

उत्तर ३६५ किंवा ३६६ च्या अगदी जवळ यायला हवं. ३६० आलं तर करार उघडून बसा. वर खरे दिवस आणि खाली ३६० ही भेसळ आहे: ९ टक्के सांगून साध्या वर्षातही ३० लाखांवर २,७३,७५० घेतले जातात, म्हणजे दर ९.१२५ टक्के. ३०/३६० ही सरळ जोडी आहे आणि खरे दिवस/३६५ हीसुद्धा. अर्धी एकीकडची, अर्धी दुसरीकडची घेतली की बोंब.

तारीखवार: ३६५ आलं. म्हणजे २९ तारखेचं जादा गेलं.

माधुरी_क: माझं सोनेतारण कर्ज बारा दिवसांत सोडवलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज घेतलं. हे याच ३० दिवसांच्या नियमामुळे का?

व्याजगणित: नाही ताई, तो वेगळा प्रकार. ३० दिवसांच्या पद्धतीतही बारा दिवसांचं व्याज १२/३६० च होतं. महिन्याच्या मध्ये दिलेल्या किंवा फेडलेल्या कर्जावर पूर्ण महिन्याचं व्याज लावणं रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात अनुचित ठरवलं आणि असं जादा घेतलेलं परत करायला सांगितलं. लेखी अर्जात त्या परिपत्रकाचा उल्लेख करा.

दिनमान: बघा, म्हणजे जितके दिवस कर्ज तितक्याच दिवसांचं व्याज, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेनेच मांडलंय. ३० दिवसांचा फेब्रुवारी त्यात बसत नाही.

खतावणी: परिपत्रक दिवस मोजायच्या पद्धतीवर बंदी घालत नाही, ओढून आणू नका. भारत सरकारच्या रोख्यांवरचं व्याज आजही ३०/३६० नेच मोजतात, ट्रेझरी बिलांवर मात्र खरे दिवस आणि ३६५. आता तुमच्या ३६६ वाल्यांना एक विचारतो. १ मार्च ते १ जून, ९२ दिवस, ३० लाख. २०२३ मध्ये ६८,०५४.७९ आणि २०२४ मध्ये ३६६ ने ६७,८६८.८५. कर्ज तेवढंच, दर तोच, दिवस तेवढेच, २९ फेब्रुवारी तर त्या मुदतीत नाहीच. मग १८५.९४ रुपये कमी कशाचे?

दिनमान: हा मुद्दा खरा आहे. म्हणून मी कायम ३६५ च्या बाजूचा. दिवसाचं भाडं कायम एकच, आणि २९ तारखेला पैसे वापरले तर तिचे द्यावेत. फक्त ठेवींवरही तेच हवं. ठेवीला ३६६ आणि कर्जाला ३६५ असं जिथे असेल तिथे बँक दोन्हीकडून उचलते.

व्याजगणित: ३६६ मध्ये आणखी एक मेख आहे. लीप वर्ष कॅलेंडरचं की आर्थिक? आर्थिक धरलं तर एप्रिल २०२३ पासून ३६६, कॅलेंडरचं धरलं तर डिसेंबर २०२४ पर्यंत ३६६. फेब्रुवारीचा आकडा दोन्हीकडे एकच येतो, त्यामुळे फक्त तो तपासून काही कळत नाही. एप्रिल ते डिसेंबर २०२४ मधला एखादा महिना घ्या.

सुनील_पतसंस्था: मग दैनंदिन घटत्या बाकीवर व्याज म्हणतात ते हेच ना? आमच्याकडे तसं आहे.

व्याजगणित: ती आणखी निराळी गोष्ट. बाकी कधी घटवायची आणि दिवस कसे मोजायचे, हे दोन प्रश्न आहेत. तारीखवार यांनी ऑगस्टच्या १० तारखेला ३ लाख जादा भरले, तर रोजच्या बाकीवर १० ते ३१ असे २२ दिवसांचे १,६२७.४० वाचतात. मासिक बाकीवर त्या महिन्यात शून्य, मग दिवस कसेही मोजा. एका लीप दिवसाच्या ७३९.७३ पेक्षा हा फरक मोठा.

तारीखवार: तो जादा दिवस हप्त्यात दिसला नाही, हप्ता तेवढाच गेला. मग पैसे कुठून घेतले?

व्याजगणित: मुद्दलातून. त्या महिन्यात मुद्दल तेवढं कमी फिटलं, आणि कमी फिटलेल्यावर पुढे व्याज चालूच राहतं. सगळं साठून शेवटच्या हप्त्यात निघतं, म्हणून तो तक्त्यातल्या आकड्याशी जुळत नाही.

खतावणी: हेच पहिल्या उत्तरात सांगत होतो! मंजुरीच्या वेळी दिलेला तक्ता शेवटपर्यंत जुळावा एवढीच माझी अपेक्षा.

दिनमान: मग खऱ्या तारखा घालून तक्ता छापायला सांगा. दर बदलेपर्यंत तरी तो पैशापर्यंत जुळेल.