परवाना क्रमांक छापलाय, मग हर्बल मलम सुरक्षित मानायचं का?

सायली: आईच्या कमरेला गजकर्ण झालंय. ओळखीच्या एकांनी हर्बल मलम दिलं. खाज एका रात्रीत थांबली, पण लावणं बंद केलं की थोड्याच दिवसांत परत येते आणि चट्टा आधीपेक्षा पसरलेला असतो. ट्यूबवर कडुनिंब, हळद, कोरफड असं लिहिलंय. समोर 'गजकर्णावर खात्रीशीर' आणि मागे 'एम'पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. सरकारी परवाना असताना आत भलतंसलतं काही असू शकतं का?

रानजाई: परवाना असेल तर घाबरू नका. ज्यावर क्रमांकच नाही ते टाळा, एवढं मी नेहमी सांगते. सरकार तपासल्याशिवाय परवाना देत नाही. आणि कडुनिंबाने आतला दोष बाहेर येतो, म्हणून सुरुवातीला चट्टा वाढल्यासारखा वाटतो. मलम बंद केलंत तिथेच चुकलं असेल.

कुलकर्णी_क्यूसी: रानजाई, क्रमांक नसलेलं घेऊ नये हे बरोबर. पुढचं मात्र आईंना महागात पडेल. मी औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात बरीच वर्षं काम केलंय. परवाना मिळतो तो विशिष्ट जागी विशिष्ट प्रकारचं उत्पादन करायला. त्यावरून तुमच्या हातातल्या बॅचमध्ये काय मिसळलंय हे कळत नाही. क्रमांक खरा असू शकतो आणि त्या कारखान्याला हे उत्पादन करायची मंजुरीच नसू शकते.

सायली, तुमच्या पॅकवरचा विरोधाभास उघड आहे. 'एम' हा सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्याचा क्रमांक. कायद्यात प्रसाधन म्हणजे स्वच्छतेसाठी किंवा रूप खुलवण्यासाठी लावायची वस्तू. गजकर्ण हा बुरशीचा रोग आहे, तो बरा करण्याचा दावा केला की ते औषध झालं आणि त्याला औषधाचा परवाना लागतो. आयुर्वेदिक औषध असतं तर डब्यावर 'आयुर्वेदिक औषध' असे शब्द, घटकांची नावं प्रमाणासकट, आणि आयुर्वेदिक परवान्याचा क्रमांक दिसला असता. 'हर्बल' हा शब्द कोणीही छापू शकतं. म्हणजे परवाना एकाचा आणि दावा दुसऱ्याचा, एवढं ट्यूब न उघडताच कळतं.

'निर्माता' आणि 'विक्रेता' या दोन्ही ओळी वाचा. क्रमांक निर्मात्याचा असतो. निर्मात्याचा पूर्ण पत्ताच नसेल तर त्या क्रमांकाची चौकशी कुठे करणार?

सायली: निर्मात्याच्या जागी फक्त गावाचं नाव आहे. पण खाज इतक्या लवकर थांबली ती कशाने?

कुलकर्णी_क्यूसी: माझा पहिला संशय स्टेरॉइडवर. क्लोबेटासॉलची क्रीम ०.०५ टक्क्यांची असते, म्हणजे १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये साडेसात मिलिग्रॅम. एवढ्याने रंग, वास, पोत काहीच बदलत नाही, हळदीच्या पिवळेपणात तर नाहीच. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, बुरशीला मारत नाही. उलट त्वचेचा प्रतिकार दबल्याने बुरशीला मोकळं रान मिळतं. मलम थांबवलं की दबलेली खाज दुप्पट जोराने येते. गजकर्णाची कडा पुसट झाल्याने डॉक्टरही फसू शकतात. म्हणून आईंना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेताना ट्यूब आणि डबा सोबत घ्या. ते कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहतील.

आणखी एक. जांघेत किंवा कमरेच्या घडीत कातडी ताणल्यासारखे पांढरट-लालसर पट्टे दिसतात का, कातडी पातळ झाल्यासारखी वाटते का, तेही पाहा. त्या स्टेरॉइडच्या खुणा असू शकतात.

वैद्य_माधवी: संशय योग्य आहे, पण तो सगळ्या आयुर्वेदावर टाकू नका. आमच्या मलहरांचा पाया मेण आणि तिळाचं तेल असतो, आणि नुसत्या स्निग्धपणानेही कोरड्या त्वचेची खाज लगेच कमी वाटते. त्यामुळे 'खाज लवकर थांबली म्हणजे स्टेरॉइडच' हे मला मान्य नाही. 'बंद केलं की जोराने उसळली' ही खूण जास्त भरवशाची.

दुसरी बाजूही सांगते. शास्त्रीय कल्पांत खनिजं असतात हे लपवायचं कारण नाही. सिंदुराच्या मलमात शिशाचं संयुग असतं, ते ग्रंथोक्त आहे आणि पॅकवर लिहायचं असतं. असं मलम वैद्याच्या सल्ल्याने ठरावीक दिवस ठरावीक जागी लावायचं, लहान मुलाच्या अंगाला चोळायचं नाही. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे आम्ही कधी म्हटलेलं नाही, जाहिरातवाले म्हणतात.

प्राची_के: माझी बहीण पार्लरमधून गोरेपणाची क्रीम आणते. डबी परदेशी, अक्षरं वाचता येत नाहीत. चेहरा खरंच उजळलाय. गजकर्ण वगैरे काही नाही, म्हणजे तिला स्टेरॉइडचा धोका नाही ना?

कुलकर्णी_क्यूसी: प्राची, धोका गजकर्णापुरता नाही. चेहऱ्यावर स्टेरॉइडची सवय लागली की बंद करताच आग, लाली, पुरळ उठतं, म्हणून मुली ते सोडत नाहीत. गोरेपणाच्या क्रीममध्ये दुसरी भीती पाऱ्याची. आपल्या नियमात डोळ्यांभोवती लावायची उत्पादनं वगळता प्रसाधनात नकळत आलेला पारा दहा लाखात एक भाग, याहून जास्त चालत नाही. पारा मुद्दाम घालणारे त्याच्या हजारो पट घालतात. केरळातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. १५ जणांत त्याचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्यांतले १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

आयात प्रसाधनावर 'आरसी' नोंदणी क्रमांक आणि भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता हवा. तो नसेल तर क्रीम थांबवायला सांगा. पाय सुजणं किंवा लघवीला फेस येणं असेल तर लघवीतली प्रथिनं लगेच तपासा.

रानजाई: मग सरळ तपासून घ्यावं ना! माझ्याकडे एका कंपनीने 'जड धातूमुक्त' असं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र दाखवलंय.

कुलकर्णी_क्यूसी: त्यावर बॅच क्रमांक आणि चाचणीचं नाव पाहा. जड धातूंच्या चाचणीत पारा सापडेल, पण स्टेरॉइड दिसणारच नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते, आणि प्रयोगशाळेला कोणतं स्टेरॉइड शोधायचं ते ठरवावं लागतं. पुन्हा, ते प्रमाणपत्र कंपनीने पाठवलेल्या नमुन्याचं. तुम्ही विकत घेतलेली बॅच वेगळी असू शकते.

दिगंबर_पाटील: मी छोटा उत्पादक आहे. आम्ही रीतसर आयुर्वेदिक परवाना घेऊन मलम करतो. असे धागे वाचून लोक आमचंही मलम फेकून देतात. चोर वेगळे, मार आम्हाला.

वैद्य_माधवी: दिगंबरराव, तुमचं दुखणं खरं आहे. पण ग्राहकाला चोर आणि साव वेगळे करता यावेत म्हणून तुम्हीच दर बॅचचे अहवाल, स्टेरॉइडच्या चाचणीसकट, लोकांपुढे ठेवा.

दिगंबर_पाटील: दर बॅचला स्टेरॉइडची चाचणी परवडत नाही, वैद्यबाई. मलमाची किंमत किती आणि चाचणीचा खर्च किती! सरकारने बाजारातले नमुने उचलावेत, ते त्यांचं काम.

कुलकर्णी_क्यूसी: नमुने उचलायला तक्रारीची मदत होते. सायली, उघडलेली ट्यूब पुरावा म्हणून कच्ची. त्याच बॅचची न उघडलेली ट्यूब आणि बिल मिळालं तर एफडीएच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्यात 'एम' क्रमांक आणि 'गजकर्णावर खात्रीशीर' हा दावा दोन्ही लिहा. तो विरोधाभास दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही.

सायली: उद्या आईला डॉक्टरांकडे नेतेय. मांडीच्या आतल्या बाजूला तसे पट्टे आहेत, ती म्हणत होती वजनामुळे असतील ते. मलम आजपासून बंद करू का, की एकदम थांबवलं तर त्रास वाढेल?

कुलकर्णी_क्यूसी: किती भागावर आणि किती महिने लावलं यावर ते ठरतं. खूप मोठ्या भागावर दीर्घकाळ लावलं असेल तर ते कसं थांबवायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या. आज रात्रीपुरतं नवीन जागी पसरवू नका, आणि पहिली ट्यूब केव्हा उघडली ते आईंना विचारून लिहून न्या.