आठवडाभर बाहेरगावी जाताना शेजारच्या काकूंसाठी बोक्याविषयीची चिठ्ठी कशी लिहावी?

अनघा_क

नमस्कार. पुढच्या शनिवारी पहाटे आम्ही चौघे सात दिवसांच्या प्रवासाला निघत आहोत आणि त्या काळात शेजारच्या काकू रोज आमच्या घरी येऊन बोक्याला खायला घालणार आहेत. बोका सहा वर्षांचा असून त्याची नसबंदी झालेली आहे, वजन साधारण ५ किलो आहे आणि तो घराबाहेर जात नाही. काकूंनी आजवर मांजर पाळलेले नाही, परंतु त्या अतिशय काटेकोर आहेत आणि कागदावर लिहिलेले तंतोतंत पाळतात. म्हणूनच त्या कागदावर काय असावे, याची मला अधिक काळजी वाटते.

चिठ्ठीचा पहिला खर्डा असा आहे: "काकू, सकाळी व संध्याकाळी त्याला प्रत्येकी २० ग्रॅम कोरडे खाद्य आणि अर्धे पाउच ओले खाद्य द्यावे. पाण्याचे दोन्ही वाडगे रोज धुऊन भरावेत. वाळूची पेटी एक दिवसाआड साफ केली तरी चालेल. तो कुठे दिसला नाही तर काळजी करू नये, तो पलंगाखाली असतो. काही अडचण आल्यास मला फोन करावा."

दोन गोष्टी सांगायला हव्यात. दोन वर्षांपूर्वी त्याला लघवीचा त्रास झाला होता आणि तो औषधाने बरा झाला. शिवाय प्रवासाच्या चौथ्या आणि पाचव्या दिवशी आम्ही जिथे असू, तिथे फोनला रेंज नसते. यात काय सुटले आहे, ते कृपया सांगावे.

मोकळा_वेळ

माझ्या मते आपण गरजेपेक्षा जास्त काळजी करत आहात. मांजर हे स्वतंत्र वृत्तीचे जनावर आहे आणि त्याला माणसापेक्षा आपली जागा अधिक प्रिय असते, म्हणून त्याला घरीच ठेवण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे. मात्र काकूंना दिवसातून दोनदा यायला लावण्याची आवश्यकता नाही. वेळ लावून खाद्य सोडणारे यंत्र मिळते, त्यात आठवड्याचे कोरडे खाद्य भरून ठेवावे, ओले खाद्य तेवढे दिवस बंद करावे आणि काकूंनी दोन दिवसांतून एकदा डोकावून पाणी पाहावे. लांबलचक चिठ्ठी कोणी वाचत नाही, चार ओळी पुरेत.

शेवंता_ताई

मी गेली अकरा वर्षे प्राण्यांच्या दवाखान्यात सहायक म्हणून काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अनघाताई, आपल्या खर्ड्यातील एक वाक्य मी सर्वप्रथम बदलीन, ते म्हणजे पेटी एक दिवसाआड साफ करण्याचे. आमच्याकडे एकदा एक बोका आला होता, त्याचे मालक परगावी होते आणि शेजारी सांभाळत होते. त्या शेजाऱ्यांनी मालकांना मोठ्या आनंदाने कळवले होते की, पेटी दोन दिवस अगदी स्वच्छ आहे, काहीच त्रास नाही. प्रत्यक्षात त्या बोक्याची लघवी अडली होती. पेटी घाण दिसली की आपल्याला काम वाढल्यासारखे वाटते, पण बोक्याच्या बाबतीत कोरडी, स्वच्छ पेटी हीच धोक्याची खूण असते, आणि ज्याने कधी मांजर पाळलेले नाही त्याला हे आपोआप सुचणे शक्य नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तातील पोटॅशियम वाढते, त्याचा परिणाम हृदयावर होतो आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. ज्याला एकदा त्रास झाला आहे, त्याला तो पुन्हा होण्याची शक्यता असते आणि घरातील माणसे अचानक नाहीशी होण्याचा ताण हेही त्याचे एक निमित्त ठरू शकते.

म्हणून काकूंनी प्रत्येक फेरीत, म्हणजे दिवसातून दोनदा, पेटीतले गोळे मोजून काढावेत आणि काढण्यापूर्वी एक फोटो आपल्याला पाठवावा. पेटी रोज रिकामी झाली तरच उद्याचे गोळे उद्याचेच आहेत हे कळते. एक दिवसाआड काढले तर दोन दिवसांचा हिशेब एकमेकांत मिसळतो. यासाठी ओली झाल्यावर गोळा धरणारी वाळूच हवी. आपल्याकडे दुसरी असली तर ती आताच बदलू नका, कारण नव्या वाळूवर काही मांजरे पायच ठेवत नाहीत.

किती गोळे म्हणजे ठीक, हे मी सांगू शकत नाही, ते आपल्याच बोक्याकडून काढावे लागेल. आजपासून निघेपर्यंत रोज मोजून लिहून ठेवा. तोच आकडा चिठ्ठीत जाईल.

मोकळा_वेळ यांचे म्हणणे अर्धे खरे आहे: मांजराला घरीच ठेवणे बरे आणि वेळेवर खाद्य सोडणाऱ्या यंत्राचा उपयोगही होतो. परंतु यंत्राला खाद्य सोडल्याचे कळते, ते खाल्ले की नाही हे कळत नाही. आणि या बोक्याचे ओले खाद्य बंद करणे मला मुळीच पटत नाही. ५ किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यातून आणि पिण्यातून मिळून साधारण २५० मिलिलिटर पाणी लागते. ८५ ग्रॅमच्या एका पाउचमधून त्यातले ६५-७० मिलिलिटर नकळत पोटात जाते. ते बंद केले की तेवढी भर पिऊन काढण्याइतके पाणी मांजरे सहसा पीत नाहीत, आणि लघवी घट्ट होते.

नंदिनी२

बोक्याला सोबत न्यायचे की नाही, असा प्रश्न असेल तर कृपया नेऊ नका. आम्ही आमच्या मांजरीला एकदा नेले होते आणि ती दोन दिवस पिंजऱ्यातून बाहेरच आली नाही.

मोकळा_वेळ

नंदिनीताई, धागा शेजाऱ्यांना द्यायच्या चिठ्ठीचा आहे.

नंदिनी२

क्षमस्व, घाईत वाचले. मग चिठ्ठीपुरता माझा अनुभव सांगते. त्यानंतरच्या वर्षी आम्ही तिला घरीच ठेवले. सांभाळणाऱ्या ताईंनी टॉवेल घ्यायला कपाट उघडले, ती आत शिरली, आणि ताई कपाट लावून निघून गेल्या. संध्याकाळी त्या आल्या तेव्हा मांजर दिसले नाही, पण आमच्याच चिठ्ठीत लिहिलेले होते की ती लपून बसते, काळजी करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून ओरडण्याचा आवाज आला, तेव्हा ती सापडली. त्यामुळे आपल्या खर्ड्यातले "दिसला नाही तर काळजी करू नये" हे वाक्य वाचून मला धस्स झाले. प्रत्येक फेरीत त्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घर बंद करू नये, असे लिहा.

शेवंता_ताई

अगदी योग्य. फक्त त्याला पलंगाखालून ओढून काढू नये. टॉर्च लावून तो दिसला, मान वळवून त्याने पाहिले, एवढे पुरे. पहिल्या दिवशी तो लपेल आणि कमी खाईल, हे अपेक्षित आहे. मात्र सलग २४ तास अन्नाला तोंडच लावले नाही तर डॉक्टरांना विचारायला हवे, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात काही दिवसांतच चरबी साचू लागते. आणि एक ओळ ठळक अक्षरांत लिहा: माणसांचे कोणतेही औषध देऊ नये. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते आणि ती नेमकी प्रेमापोटीच दिली जाते.

अनघा_क

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस मी गोळे मोजले. ३, २, ३, ३ असे आले, साधारण लिंबाएवढे, आणि शी रोज एकदा. सहा वर्षांत मी हे कधी मोजले नव्हते. मधला भाग आता असा लिहिला आहे:

"काकू, दोन्ही वेळा आल्यावर प्रथम बाहेरचे दार लावून घ्यावे, मगच पिशवी खाली ठेवावी. त्यानंतर खाणे देण्यापूर्वी पेटी पाहावी. दिवसभरात लघवीचे दोन-तीन गोळे लिंबाएवढे असतील तर सर्व ठीक आहे. फोटो काढून ते उचलावेत. रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अशा लागोपाठ दोन फेऱ्यांत एकही गोळा नसेल, किंवा नाण्याएवढे लहान लहान पुष्कळ गोळे असतील, किंवा तो पेटीत वारंवार बसून जोर करत असेल, ओरडत असेल, मागचा भाग सतत चाटत असेल, तर त्याला शी होत नाही असे समजून थांबू नये. त्याच तासात डॉक्टरांना फोन करावा. पिंजरा बैठकीच्या खोलीत उघडाच ठेवला आहे आणि त्यात त्याची चादर आहे. आधीच्या वेळचे खाणे वाडग्यासकट काट्यावर ठेवून किती उरले ते वहीत लिहावे. ओले उरलेले टाकून द्यावे."

डॉक्टरांच्या नावे वेगळे पत्रही दिले आहे. आमच्याशी संपर्क झाला नाही तर काकूंच्या सांगण्यावरून उपचार सुरू करावेत आणि कोणत्या रकमेपर्यंत आम्हाला विचारण्याची गरज नाही, हे त्यात लिहिले आहे. रेंज नसलेल्या दोन दिवसांसाठी माझ्या बहिणीचा क्रमांक दिला आहे.

शेवंता_ताई

फार चांगले झाले. एक दुरुस्ती सुचवते. जोर करणे आणि ओरडणे यांसाठी दोन फेऱ्यांची वाट पाहायची नाही, हे आपल्या वाक्यात आहे, पण ते लांब वाक्याच्या पोटात गेले आहे. ते वेगळे काढून सर्वांत वर लिहा. तसेच ते पत्र दवाखान्यात आधीच नेऊन द्या. ऐन वेळी काकूंनी कागद पुढे केला, तर तो खरा कशावरून, असा प्रश्न येतो.

मोकळा_वेळ

पाण्याचा हिशेब मला माहीत नव्हता, ओल्या खाद्याविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतो. तरीही काकूंच्या वयाचा विचार करता रोज दोन फेऱ्या, मोजणी, वजन आणि फोटो हे फार होते, असे मला अजूनही वाटते. उरलेले खाणे वजन करण्याऐवजी "सर्व, अर्धे, काही नाही" एवढेच लिहायला सांगावे.

शेवंता_ताई

तेही चालेल. मोजायचेच असेल तर गोळे मोजा. फेऱ्या मात्र मी कमी करणार नाही, निदान या बोक्यासाठी नाही.

अनघा_क

वजनाचे वाक्य काढले आणि धोक्याची वाक्ये सर्वांत वर नेली. आज संध्याकाळी काकूंनी माझ्यासमोर सगळे एकदा करून पाहिले. पेटीत एक मोठा गोळा आणि त्याला चिकटलेला एक छोटा होता. हा एक धरायचा की दोन, असे त्यांनी विचारले आणि मला पटकन उत्तर देता आले नाही. शेवटी जेवढे उचलले तेवढे सगळे कागदावर ठेवून फोटो पाठवायचा, असे आम्ही ठरवले. निजायच्या खोलीचे दार उघडे ठेवायचे की बंद, हे मात्र अजून ठरत नाही. उघडे ठेवले तर तो पलंगाखाली अगदी कोपऱ्यात जातो आणि काकूंना वाकून पाहणे कठीण जाते. बंद केले तर त्याची सवयीची लपण्याची जागाच जाते. कोणाला यावर काही सुचत असेल तर शुक्रवारपर्यंत अवश्य लिहावे.