मदत हवी आहे: मीटरवर 231.5, माझ्याकडे -0.00

अधांतरी
मीटरमधून व्होल्टेज वाचतोय. मीटरच्या पडद्यावर 231.5, माझ्याकडे `-0.00`. मधेच साधं `0.00` होतं, मधेच ३५-३६ आकडी राक्षस येतो. वायरिंग बरोबर आहे, सीआरसी बरोबर येतोय. बाइट उलटसुलट होतायत हे कळतंय, पण नक्की काय उलटवायचं? लवकर सांगा, आज संपवायचंय.

टोकदार
कंट्रोलर कुठला, प्रोटोकॉल कुठला, मीटर आकडा कुठल्या प्रकारात देतं? कोड तरी टाका. आम्ही काय डोळे मिटून बघायचं?

काळा_डबा
काही विचारायची गरज नाही. मीटर बिग-एन्डियन, तुमचा कंट्रोलर लिटल-एन्डियन. `ntohl` लावा आणि झोपा.

अधांतरी
ESP32 आहे, आरएस-४८५ वर मॉडबस आरटीयू. व्होल्टेज ३२ बिटी फ्लोट, दोन रजिस्टरांत. आणि `ntohl` लावून झालंय, मग `9.2e23` येतं. फ्रिक्वेन्सी मात्र पहिल्यापासून बरोबर येते, ते एकच रजिस्टर आहे.

```c
uint16_t r[2];
float v;
readRegs(0x0000, 2, r);
memcpy(&v, r, 4);
```

सव्वाबिट
यूआर्ट सर्वांत खालचा बिट आधी पाठवतो हे विसरू नका. प्रत्येक बाइटमधले बिट उलटवून बघा.

टोकदार
तो क्रम पलीकडचं हार्डवेअर स्वतःच सरळ करून देतं. बिट उलटे आले असते तर सीआरसी जुळला असता का?

मोजपट्टी
फ्रिक्वेन्सी बरोबर येते यातच अर्धं उत्तर आहे. रजिस्टरच्या आतले दोन बाइट तुमची लायब्ररी आधीच सरळ करते. उरला तो दोन रजिस्टरांचा आपसातला क्रम.

231.5 चा फ्लोट `0x43678000`. तारेवर `43 67 80 00` असं येतं. लायब्ररी त्याचे `r[0] = 0x4367` आणि `r[1] = 0x8000` करते, इथपर्यंत चोख. पण लिटल-एन्डियन मेमरीत तेच `67 43 00 80` असं बसतं, आणि `memcpy` नंतर फ्लोट त्याला `0x80004367` म्हणून वाचतो. म्हणजे सुमारे -2.4e-41, दोन दशांश स्थळांपर्यंत छापलं की `-0.00`. ते उणे चिन्ह 8000 च्या सर्वांत वरच्या बिटाचं आहे. व्होल्टेज नेमकं 230.0 असेल तेव्हा खालचं रजिस्टर 0000, म्हणून नुसतं `0.00`.

राक्षसाचं कारणही तेच. 231.48 म्हणजे `0x43677AE1`. खालचं रजिस्टर वर गेलं की `0x7AE14367`, सुमारे 5.8e35. एरवी दशांशाच्या पलीकडे वळवळणारे बिट आता घातांकाच्या जागी बसलेत, म्हणून आकडा एवढ्या उड्या मारतो.

`ntohl` ने चारही बाइट उलटवले, तेव्हा लायब्ररीने सरळ केलेलं पुन्हा वाकडं झालं: `0x67430080`. तुमचा 9.2e23 तोच.

```c
uint32_t u = ((uint32_t)r[0] << 16) | r[1];
memcpy(&v, &u, 4);
```

इथे शिफ्ट किमतीवर चालतो, मेमरीतल्या मांडणीवर नाही. म्हणून कंट्रोलर कुठल्याही एन्डियनचा असला तरी या ओळी तशाच राहतात. कास्ट गाळू नका. ज्या चिपवर `int` १६ बिटी असतो, तिथे १६ घरं सरकवण्याला अर्थच राहत नाही.

काळा_डबा
म्हणजे उलटवायचंच होतं की! मी तेच म्हणालो. मॉडबस बिग-एन्डियन आहे, विषय संपला.

मोजपट्टी
बिग-एन्डियन आहे ते १६ बिटी रजिस्टरपुरतं. ३२ बिटी आकड्याची दोन रजिस्टरं कुठल्या क्रमाने ठेवायची हे मॉडबस ठरवून देत नाही, ते मीटर बनवणारा ठरवतो. आणि सीआरसीचा तर खालचा बाइट आधी जातो.

पानगळ
एवढा खटाटोप कशाला? युनियन करा, एका बाजूला `float`, दुसऱ्या बाजूला `uint16_t` ची जोडी. वाचायलाही सोपं.

टोकदार
युनियनने क्रम बदलत नाही, त्या `memcpy` सारखाच घोळ होईल. शिवाय ईएसपी३२ वर बहुतेक जण सी++ लिहितात. तिथे युनियनच्या एका बाजूला लिहून दुसऱ्या बाजूने वाचणं भाषेच्या नियमात बसत नाही.

पानगळ
सगळे कंपायलर चालवून घेतात. पुस्तकी नियम कोण बघतं?

रिकामी_जागा
माझ्याकडे असंच होतं! टीसीपीवरून स्ट्रक्ट पाठवत होतो, `uint8_t` आणि पुढे `uint32_t`. पाच बाइटची अपेक्षा, गेले आठ. पॅक्ड केल्यावर सुटलं. तुम्हीही पॅक्ड करून बघा.

टोकदार
इथे स्ट्रक्ट कुठे आहे?

अधांतरी
मोजपट्टी, चाललं! तिन्ही फेजचं व्होल्टेज बरोबर. पण एकूण युनिटचा आकडा आता बिघडला. तो `uint32_t` आहे, पत्ता `0x0101`. मीटरवर 100000, माझ्याकडे 2258632705. जुन्या `memcpy` ने हाच आकडा बरोबर यायचा. म्हणजे एकाच मीटरमध्ये दोन क्रम?

काळा_डबा
असतात असे मीटर. तेवढ्या एका आकड्याला जुनाच कोड ठेवा.

मोजपट्टी
असतात, पण थांबा. 2258632705 म्हणजे `0x86A00001`, आणि 100000 म्हणजे `0x000186A0`. उलटा क्रम असू शकतो, हे खरं. पण पत्ता एकाने पुढे सरकला असेल तरी हेच दिसेल: पहिलं रजिस्टर या आकड्याचं खालचं आणि दुसरं *पुढच्या* आकड्याचं वरचं. पुढच्या आकड्याच्या वरच्या रजिस्टरातही योगायोगाने 0001 असेल, तर जुना कोड दोन आकड्यांचे तुकडे जोडून बरोबर उत्तर देत राहील. दोघांपैकी एक 131072 ओलांडेल त्या दिवशी 65536 ची उडी दिसेल. `0x0100` पासून सलग चार रजिस्टरं एकाच विनंतीत वाचा आणि न जोडता हेक्समध्ये छापा.

अधांतरी
```
0001 86A0 0001 8F12
```

टोकदार
झालं की मग. पत्ता `0x0100`, क्रम व्होल्टेजचाच. माहितीपुस्तिकेतला तो तक्ता १ पासून मोजलेला दिसतोय.

अधांतरी
पण व्होल्टेजचा तक्ता तर ० पासून आहे. एकाच पुस्तिकेत?

मोजपट्टी
8F12 च्या जोडीचा आकडा, म्हणजे 102162, मीटरच्या पडद्यावर कुठे सापडतो का तेवढं बघा. सापडला तर पत्ता पक्का. आणि विनंती एकच ठेवा, वरचं रजिस्टर एकदा आणि खालचं नंतर असं मागू नका. दोन विनंत्यांच्या मधे खालचं FFFF वरून 0000 झालं, तर आकडा 65536 ने मागे पडेल.

अधांतरी
सापडला, केव्हीएएचचा आहे. तक्त्याबद्दल मीटरवाल्यांना विचारतो.

पानगळ
युनियनबद्दल अजून कोणी पटेल असं काही बोललेलं नाही.