अनुभव: आजोबांकडून कळलेला अवघड शब्द

सिन्नरची लेक
आज लेकीने पेपर वाचता वाचता विचारलं, "आई, पैसेवारी म्हणजे काय गं?" आणि मला आमचे आबा आठवले. मी चौथीत असेन. घरात सगळे 'आणेवारी, आणेवारी' करत होते. मला वाटायचं, आण्यांची कुठलीशी वारी निघते, पंढरीसारखी. आबांना विचारलं तर म्हणाले, "चल शिवारात."

ओढ्याकाठच्या एका बाजरीच्या वावरात चार खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. दहा मीटर बाय दहा मीटर. तलाठी, सरपंच, दोन-चार शेतकरी. तेवढ्याच तुकड्यातली कणसं खुडली, बडवली, उफणली आणि तराजूत टाकली. सव्वासहा किलो. आबांनी मातीत काडीने गणित मांडलं: असे शंभर तुकडे म्हणजे एक हेक्टर, म्हणजे सव्वासहाशे किलो. चांगल्या वर्षी बाराशे धरतात. बाराशेचा रुपया, तर सव्वासहाशेचे किती?

मला येईना. आबा म्हणाले, "बावन्न पैसे. पन्नासच्या खाली असते तर दुष्काळ. आता नाही."

मी म्हटलं, पण आपल्या वावरात तर काहीच नाही! ते म्हणाले, "आपलं वावर माळावर. दोरी पडली ओढ्याकाठी." त्या साली दादा दहावीला होता, गावाला परीक्षा फी माफ झाली नाही. शब्द मात्र पक्का बसला. तुमचेही असे शब्द असतील तर लिहा.

गंगापूररोडवाला
मस्त! पण आणेवारी म्हणजे पावसाची टक्केवारी ना? आमच्या आजोबांनी तरी तसंच सांगितलं होतं.

तात्या निफाडकर
नाही हो. पाऊस आणि आणेवारी वेगळे. पाऊस सरासरीइतका पडूनही भलत्या वेळी पडला तर आणेवारी घसरते. ती पिकाचीच मोजतात. आधी नजर अंदाज, मग सुधारित, आणि खरिपाची अंतिम 15 डिसेंबरला. म्हणून त्या सुमारास पेपरात यादी येते. आबांचं गणित बरोबर आहे, फक्त एकाच तुकड्यावर ठरत नाही, गावातल्या अनेक तुकड्यांची सरासरी घेतात. बाकीचेही तसेच पडले असणार.
अजून एक. दाणे वाळवून मोजले की ओलेच, हे विचारायचं राहिलं. ओल्या दाण्याचं वजन जास्त भरतं, मग पैसे वर जातात.

सिन्नरची लेक
तात्या, आबा तेच म्हणत होते! "उन्हात टाका, मग मोजा." कोणी ऐकलं नाही. इतर तुकड्यांचं मला माहीत नाही, मी एवढंच बघितलं.

मळ्यातली माई
भाकरी टाकता टाकता लिहितेय. आमच्या उताऱ्यावर सासऱ्यांच्या नावापुढे 5 आणे 4 पै लिहिलंय. म्हणजे आमचं पीक कायम इतकं कमी?? नवीन लग्न झालेलं तेव्हा मला वाटलं, कसल्या घरात दिलं मला 😂

तात्या निफाडकर
माई, ती वेगळी आणेवारी, हिश्श्याची. सोळा आण्यांची जमीन, तीन भाऊ. आण्याला बारा पै, म्हणजे एकूण 192 पै. तिघांत 64-64. म्हणजेच 5 आणे 4 पै. तुमच्या आजेसासऱ्यांना तीन मुलगे होते का?

मळ्यातली माई
अगदी! तीनच. मधले आमचे. धाकट्यांशी बांधावरून अजून बोलणं नाही, ते जाऊ द्या.

इगतपुरी लोकल
आमच्याकडे भात. पाऊस एवढा की आमच्या आजोबांना आणेवारीपेक्षा 'ओला दुष्काळ' हा शब्द समजावायला लागला. मी म्हटलं, दुष्काळ आणि ओला? भातात उभं पाणी, ओंब्यांना मोड. आजोबांनी ओंबी हातात दिली, दाण्यातून हिरवं बाहेर आलेलं. पुढे काही बोलायची गरज पडली नाही.

गंगापूररोडवाला
ओके, मी चूक. पण आता दुष्काळ आणेवारीवरच ठरतो का?

तात्या निफाडकर
आता नुसत्या तिच्यावर नाही. पाऊस, पिकाची हिरवाई, जमिनीतली ओल असं बरंच बघतात. तरी आमच्याकडे कोणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, "किती पैसे लागले?"

सिडकोची स्मिता
ताई, फीचं पुढे काय झालं? दादा बसला ना परीक्षेला?

सिन्नरची लेक
बसला, बसला. आबांनी एक बोकड विकलं. पास झाला, नंतर आम्हाला ऐकवायचा, "बोकडावर पास झालोय मी."

मळ्यातली माई
तात्या, ते पै आता उताऱ्यावर चालतात का? नवीन ऑनलाइन उताऱ्यावर आमचं क्षेत्रच वेगळं दिसतंय. सासरे म्हणतात तलाठ्याकडे जा, नवरा म्हणतो दिवाळीनंतर बघू.

तात्या निफाडकर
दिवाळीनंतर नको माई. जुना उतारा आणि फेरफाराची नक्कल घेऊन जा. धाकट्या दिरांनाही सोबत न्या.

मळ्यातली माई
तेच तर अवघड आहे.