बँकेची ६० दिवसांची नोटीस आली आहे, घर खाली करावं लागेल का? (मदत हवी आहे)

सागर_पी
नमस्कार. गृहकर्जाच्या बँकेकडून रजिस्टर पोस्टाने नोटीस आली आहे. त्यात १८,४२,३१० रुपये ६० दिवसांत भरा, नाहीतर तारण मालमत्तेवर कारवाई करू असं लिहिलंय. एवढे पैसे ६० दिवसांत कुठून आणणार? घर खाली करायचं का, कोर्टात जायचं का, कुणीतरी लवकर सांगा. घरात आई आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.

मेघना क.
सागर, कुठल्या कायद्याखाली नोटीस आहे ते बघा. वर "सरफेसी कायदा २००२, कलम १३(२)" असं काही आहे का? कोर्टात न जाता तारणावरून कर्जवसुली करायचा बँकांचा तो कायदा. आणि किती हप्ते थकलेत? ते कळल्याशिवाय सांगणं कठीण आहे.

दत्ता_६५
कोर्टात जा आणि लगेच स्टे आणा. माझ्या मेहुण्याने दिवाणी कोर्टातून आणला होता, तीन वर्षं कुणी दारात आलं नाही.

सागर_पी
हो, १३(२) लिहिलंय. पाच हप्ते राहिलेत, हप्ता २३,८०० चा. कर्ज माझ्या आणि दादाच्या नावावर आहे, हप्ते त्याच्या खात्यातून जायचे, त्याची नोकरी गेली. पण नोटिशीत पाच हप्ते मागितलेले नाहीत, सगळं कर्जच मागितलंय. हे चुकून झालंय का?

अॅड. वि. जोशी
चुकून नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होतं. त्यानंतर बँक १३(२) ची नोटीस काढते आणि त्यात पूर्ण येणं मागते. ही मागणीची नोटीस आहे, ताब्याची नव्हे. या ६० दिवसांत घर खाली करायचं नाही आणि बँकेलाही ताबा घेता येत नाही. रक्कम भरली नाही तरच पुढे १३(४) खाली ताब्याची नोटीस येते. ती दारावर लावतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. लिलाव त्याच्याही पुढे.

दत्ताराव, सरफेसीच्या प्रकरणात दिवाणी कोर्टाला कलम ३४ ने मनाई आहे. तुमच्या मेहुण्यांचं प्रकरण वेगळ्या प्रकारचं असावं. इथे डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जावं लागतं, आणि तेही १३(४) ची कारवाई झाल्यावर, ४५ दिवसांच्या आत. नुसत्या १३(२) वर तिथेही अर्ज चालत नाही.

दत्ता_६५
मग आता काहीच करता येत नाही म्हणा ना! डीआरटीत जायचं म्हणजे वकिलाची फी, तारखा. त्यापेक्षा घर वहिनीच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका.

अॅड. वि. जोशी
हे मुळीच करू नका. १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण मालमत्ता विकता, भाड्याने देता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, कलम १३(१३). मोडलं तर शिक्षेची तरतूद आहे.

आणि आता काहीच करता येत नाही असंही नाही. कलम १३(३अ) खाली बँकेला लेखी हरकत देता येते. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. दिलं नाही तर तो मुद्दा पुढे डीआरटीत मांडता येतो. म्हणून पत्र पोच घेऊन द्या.

सुवर्णा_ठाकूर
आमच्या पतसंस्थेने कलम १०१ चा वसुली दाखला घेतला आणि थेट जप्ती आली, कसले ६० दिवस? असं कसं?

मेघना क.
सुवर्णाताई, पतसंस्थेची वसुली सहकार कायद्याखाली होते, ती वाट वेगळी. सहकारी बँकांना मात्र सरफेसी लागू आहे, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तसं ठरवलंय. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

सागर, नोटिशीवरची तारीख कुठली आणि हातात कधी मिळाली?

सागर_पी
नोटीस ३ तारखेची आहे, जुन्या पत्त्यावर फिरून १९ तारखेला मिळाली. मग दिवस १९ पासूनच ना?

अॅड. वि. जोशी
कलमात "नोटिशीच्या तारखेपासून" असे शब्द आहेत. ३ पासूनच मोजा. उशिरा मिळाल्याचा मुद्दा हरकतीत घाला, पण त्या सोळा दिवसांच्या भरवशावर थांबू नका.

मेघना क.
माझं मत थोडं वेगळं आहे. नोटीस नीट बजावलीच नसेल तर तो चांगला मुद्दा आहे, लिफाफा आणि पोस्टाचा शिक्का जपून ठेवा.

अॅड. वि. जोशी
लिफाफा ठेवाच, त्यात वाद नाही. पण १९ ला नोटीस हातात मिळाली आहे, "बजावलीच नाही" असं म्हणता येणार नाही.

प्रशांत_बँक
मी वसुली विभागात काम केलंय, दुसऱ्या बँकेत. सागर, उद्या शाखेत जा आणि दोन आकडे लेखी मागा: पूर्ण येणं किती आणि आजची थकबाकी किती. नोटिशीत पहिलाच आकडा असतो आणि माणूस त्यालाच घाबरतो. गृहकर्जात तुमच्या कामाचा आकडा दुसरा. सगळी थकबाकी, म्हणजे मुद्दल, व्याज आणि आकार, पूर्ण भरली की खातं परत स्टँडर्ड, म्हणजे नियमित, करता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण "सगळी" हा शब्द लक्षात ठेवा. एक-दोन हप्ते भरून खातं एनपीएतून निघत नाही. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे पुन्हा स्पष्ट केलं. पूर्वी थोडं भरलं की काही ठिकाणी खातं वर काढायचे.

सागर_पी
शाखेत जाऊन आलो. थकबाकी १,१९,००० हप्त्यांची आणि ८,४०० दंडाचे, एकूण १,२७,४००. दादा आणि मी मिळून महिनाअखेर जमवू शकतो. मग प्रश्न मिटला ना?

प्रशांत_बँक
महिनाअखेरपर्यंत सहावा हप्ताही देय होईल. तो धरून १,५१,२०० लागतील, नाहीतर पुन्हा एक हप्ता थकीत राहील. ८,४०० चा तपशीलही मागा. दंडाला व्याज म्हणून आकारून मुद्दलात मिळवणं रिझर्व्ह बँकेने बंद केलंय, फक्त दंडाचा आकार घेता येतो आणि त्यावर पुढे व्याज लावता येत नाही. तसं काही लागलेलं दिसलं तर हरकतीत लिहा.

भरण्याआधी व्यवस्थापकांना पत्र द्या की थकबाकी अमुक तारखेला भरतो, कर्ज नियमित करून १३(२) ची नोटीस मागे घेतल्याचं लेखी द्यावं.

अॅड. वि. जोशी
इथे एक खबरदारी. थकबाकी भरली म्हणून नोटीस आपोआप रद्द होते असं कायद्यात लिहिलेलं नाही, पूर्ण कर्ज मागण्याचा हक्क बँक धरून ठेवू शकते. बहुतेक बँका नियमित करून घेतात, कारण एनपीए कमी झालेला त्यांनाही हवा असतो. पण तोंडी "बघू" वर पैसे भरून गप्प बसू नका.

वैभव_ज
सिबिल किती आहे तुमचा? सेटलमेंट केलीत तर नोंद वर्षानुवर्षं राहते, त्यापेक्षा दुसऱ्या बँकेत बॅलन्स ट्रान्सफर करा.

प्रशांत_बँक
एनपीए खातं दुसरी बँक सहसा घेत नाही, आणि सेटलमेंटचा विषय इथे कुणी काढलेलाच नाही. पैसे जमलेच नाहीत तर बँकेच्या लेखी संमतीने घर स्वतः विका. लिलावापेक्षा भाव बरा मिळतो आणि कर्ज फेडून उरलेले तुमच्या हातात राहतात. ही वाट लिलावाची जाहिरात निघण्याआधीच धरायची. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळं येणं भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क त्या प्रसिद्धीपर्यंतच टिकतो.

सागर_पी
पत्र देऊन पोच घेतली. व्यवस्थापक म्हणाले, नियमित करतो, पण नोटीस मागे घेतल्याचं पत्र विभागीय कार्यालयातून येईल, किती दिवस लागतील सांगता येत नाही. पैसे आधी भरू की पत्राची वाट बघू? ६० दिवस तर चाललेच आहेत.

अॅड. वि. जोशी
पैसे जमले की भरा, वाट बघत बसलात तर सातवा हप्ता येईल. भरताना पावतीवर किंवा सोबतच्या पत्रावर "थकबाकीपोटी, खातं नियमित करण्यासाठी" असं लिहा आणि पोच घ्या. मग दर आठवड्याला विभागीय कार्यालयाला ईमेल करा.

दत्ता_६५
आणि आईला सांगून टाक रे. ताब्याची नोटीस दारावर लागली तर शेजाऱ्यांकडून कळेल तिला.