शब्दचर्चा: न फिरणारा भोवरा, परिवलन, परिभ्रमण आणि 'अभिसरण'

अनघड

मराठी माध्यमातून डिप्लोमाला आलेल्या ज्युनियर मुलांसाठी फ्लुइड मेकॅनिक्सच्या नोट्स मराठीत लिहितोय. दोन शब्दांवर गाडी अडली आहे. 'सर्क्युलेशन'ला एका जुन्या वहीत 'अभिसरण' लिहिलंय, आणि 'इररोटेशनल'ला कुणी 'अघूर्णी' तर कुणी 'अपरिभ्रमणी' म्हणतं. मला 'अपरिभ्रमणी' सोपा वाटला, पण पुढचं उदाहरण सोडवताना तोच शब्द नडला. दिलेलं वेगक्षेत्र असं:

```
u = -k y / (x² + y²)
v =  k x / (x² + y²)
```

व्हॉर्टिसिटी काढली, म्हणजे `∂v/∂x − ∂u/∂y`. दोन्ही पदं `k(y² − x²)/(x² + y²)²` आली. वजाबाकी शून्य. म्हणून लिहिलं, 'प्रवाह अपरिभ्रमणी आहे, सबब सर्क्युलेशनही शून्य.' मग पडताळा म्हणून r त्रिज्येच्या वर्तुळावर सर्क्युलेशन काढलं. वेग सगळीकडे k/r, परीघ 2πr, गुणाकार 2πk. शून्य नाहीच! शिवाय पाणी तर डोळ्यांदेखत गोल गोल जातंय. मग त्याला 'परिभ्रमण न करणारं' कसं म्हणायचं? शब्द चुकला की गणित?

शाईवाला

तीस वर्षं वृत्तपत्रात काढली, म्हणून सांगतो. सर्क्युलेशनला आमच्याकडे 'खप' म्हणतात, आणि त्या खात्याला 'वितरण'. 'अभिसरण' आमच्याकडे कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही. नोट्समध्ये 'वितरण' चालेल असं वाटतं. पाणीही वितरितच होतं ना?

अनघड

काका, इथलं सर्क्युलेशन वेगळं आहे. पाण्यात मनातल्या मनात एक बंद रेघ काढायची. त्या रेघेवरून चालत जायचं आणि प्रत्येक पावलाला पाण्याचा वेग आपल्या दिशेने किती आहे ते बेरजेत धरायचं. उलटा असेल तर वजा. फेरी पुरी झाल्यावर उरते ती बेरीज.

शाईवाला

अच्छा, म्हणजे फेरीचा हिशेब. मग 'वितरण' मागे घेतो. पण 'अभिसरण'ही पटत नाही. नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण असा धडा आहे. तिथे अभिसरण म्हणजे तापलेलं पाणी वर जाणं.

जॅकवेल

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. गणितात मी कच्चा, पण भोवरे पुष्कळ पाहिलेत. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरली की जॅकवेलमध्ये पंपाच्या तोंडावर भोवरा बसायचा. आधी पृष्ठभागावर बशीएवढा खळगा पडतो, मग त्याची शेपटी खाली उतरत जाते आणि एकदा ती तोंडापर्यंत पोचली की पंप हवा ओढायला लागतो. आवाज लगेच बदलतो, आत खडी पडल्यासारखा. एका वर्षी वरिष्ठांना लेखी कळवूनही भोवरा तोडणारी आडवी पट्टी वेळेत बसवली नाही आणि बेअरिंग गेलं. तेव्हा त्या पाण्याला 'न फिरणारं' म्हणणं मला मान्य नाही. गणितात शून्य येत असेल तर गणितात काहीतरी सुटलंय.

फळा_खडू

अनघड, तुझं विकलन बरोबर आहे आणि वर्तुळावरची बेरीजही बरोबर आहे. चुकलाय तो मधला 'सबब', आणि त्याला शब्दाने फूस दिली.

शाळेच्या भूगोलात आपण दोन शब्द काटेकोरपणे वेगळे शिकलोय. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. व्हॉर्टिसिटी मोजते ती पाण्याच्या कणाचं परिवलन. पाण्याचा एवढासा तुकडा स्वतःभोवती गिरकी घेतोय का, एवढंच ती विचारते. तो कशाभोवती प्रदक्षिणा घालतोय याच्याशी तिला देणंघेणं नाही. तेव्हा शब्द हवा 'अपरिवलनी'. तुझ्या वेगक्षेत्रातलं पाणी परिभ्रमण करतं, परिवलन करत नाही. जत्रेतल्या उभ्या पाळण्यात बसलेला माणूस गोल जातो पण त्याचं डोकं कायम वरच असतं, तसं. चक्रातल्या लाकडी घोड्याचं उलट. तो एका फेरीत सगळ्या दिशांना तोंड करून येतो, म्हणजे परिभ्रमणासोबत एक परिवलनही करतो. `u = −ωy, v = ωx` हा घोड्यांचा प्रवाह, त्याची व्हॉर्टिसिटी 2ω.

उलटी बाजूही मुलांना दाखव. `u = 5y, v = 0` घे, सेंटिमीटर आणि सेकंदात. पाणी सरळ रेषेत जातंय, कशाभोवतीही फिरत नाही. तरी व्हॉर्टिसिटी −5 येते, कारण वरचा थर खालच्याच्या पुढे पळतो आणि मधला तुकडा गडगडतो. परिभ्रमण नाही, परिवलन आहे. हे दोन नमुने शेजारीशेजारी ठेवले की 'अपरिभ्रमणी' शब्द वहीतून आपोआप जाईल.

हवापाणी

पाळण्याची उपमा मीही वर्गात देत असे, पण तिच्यात एक खोट आहे. पाळणा आकार बदलत नाही. या भोवऱ्यातला तुकडा ताणला जातो, तिरका होतो.

परातीतल्या भोवऱ्यावर एकच काडी टाकून 'फिरते का' पाहाल तर फसाल. k = 60 धरा, सेंटिमीटर-सेकंदात. केंद्रापासून 3 सेंमीवर पाण्याचा वेग 20, तर 6 सेंमीवर 10. आता 3 सेंमीवर काडी प्रवाहाच्या दिशेने ठेवली तर ती वाटेबरोबर वळते, सेकंदाला सुमारे 6.7 रेडियन या दराने. तीच काडी केंद्राकडे तोंड करून ठेवली तर तिचं आतलं टोक पुढे पळतं, बाहेरचं मागे राहतं, आणि ती त्याच दराने उलटी वळते. दोन काड्या काटकोनात बांधून फुली केली तर ही दोन्ही वळणं एकमेकांना खोडतात आणि फुली न वळता फिरत जाते. म्हणून कसोटी फुलीचीच, एका काडीची नाही. आणि फुली लहान हवी. मोठी फुली केंद्राला टेकली की कसोटीच राहत नाही.

अनघड

म्हणजे परिवलन शून्य हे पटलं. पण 2πk कुठून आलं? व्हॉर्टिसिटीची क्षेत्रफळावरची बेरीज म्हणजे सर्क्युलेशन, असंच शिकलोय ना? शून्याची बेरीज शून्य.

फळा_खडू

तो नियम वापरायचा तर रेघेच्या आत सगळीकडे वेगक्षेत्र धड असावं लागतं. तुझ्या सूत्रात x = 0, y = 0 टाकून बघ. छेदात शून्य. केंद्रावर वेगच सांगता येत नाही, आणि तुझं वर्तुळ नेमकं त्याच बिंदूला वेढतंय.

हवापाणींचाच आकडा घेऊ, k = 60. आता केंद्राला न वेढणारी रेघ काढ. 6 सेंमीच्या वर्तुळावर पाव फेरी, तिथून आत 3 सेंमीपर्यंत, त्या वर्तुळावरून पाव फेरी उलट, पुन्हा बाहेर. बाहेरचा कंस 9.42 सेंमी, वेग 10, मिळाले 94.2. आतला कंस 4.71 सेंमी, वेग 20, पण आपण प्रवाहाविरुद्ध चाललोय, म्हणून −94.2. आत-बाहेर जाताना वेग आडवा, बेरीज शून्य. एकूण शून्य. अशी कुठलीही रेघ घे, केंद्र बाहेर असेल तर शून्यच. केंद्राला एकदा वेढलं की मात्र 377, रेघ लहान असो की मोठी, वाकडी असो की गोल.

परीक्षेत हे असं पकडायचं: व्हॉर्टिसिटी काढण्याआधी छेद कुठे शून्य होतो ते बघायचं. उत्तरात 'केंद्रबिंदू वगळता अपरिवलनी' असं लिहायचं. ते 'वगळता' गाळलं की तुझ्यासारखा 'सबब' लिहिला जातो.

जॅकवेल

पण खऱ्या पाण्यात छेदबिद काही नसतो. माझ्या जॅकवेलमध्ये केंद्रावर काय असायचं?

फळा_खडू

सुरेख प्रश्न, आणि तुमचा आक्षेप इथे अर्धा खरा ठरतो. खऱ्या पाण्यात वेग अनंत होत नाही. चिकटपणामुळे मधला गाभा घट्ट चक्रासारखा फिरतो, लाकडी घोड्यांसारखा. गाभ्याची त्रिज्या 1 सेंमी धरली तर आत व्हॉर्टिसिटी सेकंदाला 120 येते. गाभ्याचं क्षेत्रफळ 3.14. गुणाकार 377. बाहेरच्या प्रत्येक फेरीत दिसलेली ती सगळी बेरीज या एवढ्याशा गाभ्यात साठलेली होती. तुमच्या भोवऱ्याचं परिवलन गाभ्यात होतं, भोवतालचं पाणी बहुतांशी नुसतं परिभ्रमण करत होतं. आणि हवेची शेपटी उतरली असेल तर गाभ्याच्या जागी पाणीच नाही. म्हणजे तिथे खरोखरच भोक पडलं, आणि भोकाला वेढणारी रेघ 377 दाखवणारच.

जॅकवेल

हे कळलं. पट्टी बसवली की भोवतालच्या पाण्याला पुरी फेरीच मारता येत नाही, म्हणून भोवरा मोडतो. इतकी वर्षं बसवत आलो, पण असा विचार केला नव्हता. तरी 'अपरिवलनी भोवरा' हे तोंडात बसत नाही. भोवरा म्हटलं की पोराच्या हातातला भोवराही आठवतो, आणि तो तर नुसतं परिवलनच करतो!

हवापाणी

ही अडचण खरी आहे, मराठीत एकाच शब्दाला दोन्ही अर्थ. पाण्यातल्यासाठी 'आवर्त' घेता येईल. शब्दांची ही ओढाताण आपल्याकडेच झाली असंही नाही. वेगावर केली की व्हॉर्टिसिटी देणारी जी क्रिया, तिला 'कर्ल' हे नाव मॅक्सवेलने 1871 मध्ये सुचवलं, ते मुद्दाम. 'रोटेशन'सारखा गती सुचवणारा शब्द त्याला नको होता. ती क्रिया विद्युतक्षेत्रावरही करतात, जिथे काहीच फिरत नाही.

'अभिसरण'ला मात्र माझा ठाम विरोध. शाईवाला म्हणतात तसा उष्णतेत त्याचा एक अर्थ पक्का झालाय, रक्ताभिसरणात दुसरा, आणि हिंदी परिभाषेत अभिसरण म्हणजे वारे एकत्र येणं, कन्व्हर्जन्स. हवामानाच्या एकाच परिच्छेदात यातले दोन अर्थ एकत्र येऊ शकतात.

फळा_खडू

मी 'वलयसंकलन' सुचवतो. बंद वलयावर केलेलं संकलन, कृती नावातच आली.

हवापाणी

वलयावर संकलन तर विद्युतक्षेत्राचंही करतात, बलाचंही. मग ते वेगाचंच आहे हे कसं कळणार?

शाईवाला

'फेरबेरीज' म्हणा की. पोरांना लगेच कळेल.

फळा_खडू

कळेल, पण परीक्षेच्या पेपरात ते छापलं जाणार नाही.

अनघड

तूर्तास नोट्समध्ये 'अपरिवलनी' पक्का केला, आणि खाली चौकटीत 'केंद्र वगळता'चं उदाहरण 94.2च्या आकड्यांसह घातलं. भोवऱ्याच्या जागी 'आवर्त' लिहिलंय. 'सर्क्युलेशन' मात्र देवनागरीत तसंच ठेवलंय, पुढे रिकामी रेघ सोडून.